माणसांची बेरीज, गर्दीची सरासरी

काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी आम्ही पावसाचा आणि लोकसंख्येचा एकत्र नकाशा केला होता. अतिवृष्टीच्या दिवशी देशात कुठे किती माणसे पावसाखाली असतात, ते त्यातून दिसायला हवे होते. नकाशा झकास उतरला. गंगेच्या खोऱ्यात गडद पट्टा, मुंबई-ठाण्यावर काळसर ठिपका, राजस्थानच्या वाळवंटात फिकट रंग, सगळे जिथल्या तिथे. कार्यालयात एक निवृत्त गृहस्थ अधूनमधून मदतीला येत. तरुणपणी प्रगणक म्हणून जनगणनेसाठी घरोघर हिंडलेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "याच्या खाली बेरीज कुठे आहे? तक्त्याखाली बेरीज नसेल तर तो तक्ता तपासायचा कसा?"

बेरीज केली. साऱ्या भारताची लोकसंख्या सोळा हजारांच्या आसपास आली.

चूक एका शब्दाची होती. बारीक जाळीतले आकडे मोठ्या जाळीत आणताना 'बेरीज' करायची होती, आणि संगणकाने 'सरासरी' केली होती. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच ती पुन्हा पुन्हा होते. ती का होते आणि कशी पकडायची, हे समजून घ्यायला नकाशाशास्त्र यावे लागत नाही. बेरीज-भागाकार पुरेसा आहे.

आधी हे आकडे येतात कुठून ते पाहू. जनगणना माणसे मोजते ती गावागणिक, वॉर्डागणिक. जाहीर होतात तालुक्याचे, जिल्ह्याचे आकडे. पण पूर, वणवा, उष्णतेची लाट तालुक्याची हद्द पाहून येत नाही. म्हणून इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या 'वर्ल्डपॉप' प्रकल्पासारखे काही गट जनगणनेचे आकडे घेऊन ते सगळ्या देशावर चौकोनी जाळीत पसरवतात. अशा जाळीला रास्टर म्हणतात आणि तिच्या एकेका घराला पिक्सेल. वर्ल्डपॉपच्या भारताच्या बारीक जाळीत एक पिक्सेल ३ आर्क-सेकंदांचा असतो, म्हणजे एका अंशाचे १,२०० भाग केले तर त्यातला एक. जमिनीवर हे अंतर साधारण नव्वद मीटर भरते. बोलताना सगळे त्याला 'शंभर मीटरची जाळी' म्हणतात.

पण या पिक्सेलमध्ये जाऊन कोणी माणसे मोजलेली नसतात. एखाद्या तालुक्याची लोकसंख्या माहीत असते. मग रात्रीचे दिवे कुठे दिसतात, रस्ते कुठून जातात, शेती कुठे, जंगल कुठे, उतार किती, हे पाहून संगणक प्रत्येक पिक्सेलला एक वजन देतो आणि तालुक्याची लोकसंख्या त्या वजनांप्रमाणे वाटून टाकतो. त्यामुळे पिक्सेलमध्ये ३.४७ माणसे किंवा ०.२ माणूस असेही आकडे असतात. एखाद्या पिक्सेलमधला आकडा हा अंदाज असतो, तो चांगला किंवा वाईट असू शकतो. पण तालुक्यातले सगळे पिक्सेल मिळवले की मुळात वाटायला घेतलेला तालुक्याचा आकडा परत यायलाच हवा, कारण वाटणी तशीच केलेली असते. म्हणजे या जाळीत खरोखर भक्कम असे काही असेल तर ती बेरीज आहे. जाळी मोठी करताना तीच गमावली, तर उरतो तो नुसता अंदाज.

मग जाळी मोठी करायचीच कशाला? कारण दुसरीकडची माहिती तितकी बारीक नसते. भारतीय हवामान विभागाची पावसाची दैनंदिन जाळी १९०१ पासूनची आहे, अनमोल आहे, पण तिची एक चौकट पाव अंशाची असते. मुंबईच्या अक्षांशावर ती सुमारे २८ किलोमीटर उभी आणि २६ किलोमीटर आडवी भरते. पावसाच्या शेजारी लोकसंख्या मांडायची तर लोकसंख्याही त्याच चौकटीत बसवावी लागते. पाव अंशात ३ आर्क-सेकंदांचे ३०० पिक्सेल बसतात. उभे ३००, आडवे ३००, म्हणजे एका चौकटीत ९०,००० पिक्सेल.

या ९०,००० आकड्यांच्या जागी आता एकच आकडा लिहायचा आहे. प्रत्येक पिक्सेलमध्ये 'इतकी माणसे' असे लिहिले असेल, तर मोठ्या चौकटीतली माणसे म्हणजे त्या सगळ्यांची बेरीज. सरासरी घेतली तर आकडा ९०,००० पटीने लहान होतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ मध्ये केलेल्या अंदाजाप्रमाणे २०२० साली भारताची लोकसंख्या १३८ कोटी होती. १३८ कोटी भागिले ९०,००० म्हणजे १५,३३३. आमच्या नकाशात सोळा हजारांचा देश आला तो असा. साडेसहाशे-सातशे माणसांची जी तफावत राहिली, ती मुख्यतः समुद्रकिनाऱ्यांमुळे. तिच्याकडे पुढे येतोच.

हे नकाशावर दिसले का नाही? नकाशा रंगवणारे सॉफ्टवेअर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा शोधते आणि त्यांच्यामध्ये रंग पसरवते. सगळेच आकडे ९०,००० ने भागले गेले तर लहान-मोठ्याचा क्रम आणि प्रमाण तसेच राहते, म्हणून रंगही तेच राहतात. बेरजेचा नकाशा आणि सरासरीचा नकाशा शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटावेत. फरक असतो तो फक्त कोपऱ्यातल्या रंगसूचीत. आमच्या सर्वांत गडद चौकटीवर शे-दोनशे असा आकडा होता, आणि तो कोणीच वाचला नव्हता.

संगणकाने आपणहून सरासरी का काढली, यालाही कारण आहे. नकाशाच्या कामात आर नावाची संगणकीय भाषा आणि तिच्यातले टेरा नावाचे पॅकेज पुष्कळ लोक वापरतात. त्यातली जाळी मोठी करणारी आज्ञा `aggregate`. काय करायचे ते तिला सांगितले नाही तर ती सरासरी घेते. ग्रास नावाच्या प्रणालीतली `r.resamp.stats` ही आज्ञाही तशीच वागते. यात त्या आज्ञा लिहिणाऱ्यांचा दोष नाही. रास्टरमध्ये बहुतेक वेळा तापमान, उंची, उपग्रहाने टिपलेला प्रकाश अशा गोष्टी असतात आणि त्यांना सरासरीच लागते. दहा ठिकाणची तापमाने मिळवून अडीचशे अंश असे कोणी लिहीत नाही. लोकसंख्येची जात वेगळी आहे, आणि ती वेगळी आहे हे संगणकाला आपणच सांगावे लागते.

ही जात ओळखायला न्हाणीघरातले उदाहरण पुरते. बादलीत कढत पाणी आहे, त्यात विसण घालायचे आहे. लिटर मोजले तर दोन्ही पाण्यांची बेरीज होते. उष्णतेची डिग्री मोजली तर मात्र बेरीज होत नाही. ती दोहोंच्या मध्ये कुठेतरी जाऊन थांबते. माणसांची संख्या लिटरसारखी असते. दर चौरस किलोमीटरला किती माणसे, ही घनता, डिग्रीसारखी.

आणि मध्ये कुठेतरी म्हणजे नेमके कुठे, हेही विसणच सांगते. एक लिटर पाणी ९० अंशांचे आणि १९ लिटर पाणी २० अंशांचे. दोन आकड्यांची साधी सरासरी ५५ अंश. बादलीत हात घातला तर पाणी कोमट लागेल, साडेतेवीस अंशांचे, कारण थंड पाणी एकोणीसपट होते. घनतेचे असेच होते आणि याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबई उपनगर जिल्ह्यात ४४६ चौरस किलोमीटरमध्ये ९३,५६,९६२ माणसे होती, घनता २०,९८०. गडचिरोली जिल्ह्यात १४,४१२ चौरस किलोमीटरमध्ये १०,७२,९४२ माणसे, घनता ७४. दोन घनतांची साधी सरासरी १०,५२७ येते. हा आकडा दोन्ही जिल्ह्यांच्या एकूण क्षेत्रफळाने, म्हणजे १४,८५८ ने गुणा. लोकसंख्या होते १५ कोटी ६४ लाख. दोन जिल्ह्यांतली प्रत्यक्षातली माणसे होती १ कोटी ४ लाख, आणि २०११ मध्ये अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा होता. खरी एकत्रित घनता काढायची तर माणसे मिळवायची, क्षेत्रफळे मिळवायची आणि मग भागाकार करायचा. उत्तर ७०२.

म्हणून माणसांच्या संख्येचे रास्टर असेल तर बेरीज, आणि घनतेचे असेल तर क्षेत्रफळाचे वजन लावलेली सरासरी. सगळे पिक्सेल सारख्या क्षेत्रफळाचे असतील तर साधी सरासरीही चालते, कारण वजने सारखीच होतात. दोन्ही वाटांनी शेवटी तीच एकूण लोकसंख्या हाती आली पाहिजे.

आता रास्टरमध्ये संख्या आहे की घनता, हे ओळखायचे कसे? कधी फाइलच्या नावातच लिहिलेले असते. वर्ल्डपॉपच्या `ind_ppp_2020_UNadj.tif` या फाइलमधल्या `ppp` चा अर्थ 'पिक्सेलमागे माणसे'. `UNadj` म्हणजे देशाची बेरीज संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाशी जुळवलेली. पण नावावर विसंबू नये. सगळे पिक्सेल मिळवून पाहावेत. उत्तर देशाच्या लोकसंख्येजवळ आले तर संख्या. बारीक जाळीत दर चौरस किलोमीटरची घनता भरलेली असेल, तर बेरीज सव्वाशे पटीच्या आसपास फुगते आणि चूक लगेच कळते.

खरा धोका एक किलोमीटरच्या जाळीत आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातल्या सिएसिन केंद्राची जागतिक लोकसंख्येची जाळी ३० आर्क-सेकंदांची आहे आणि तिच्यात संख्येची फाइल वेगळी, घनतेची वेगळी मिळते. ३० आर्क-सेकंदांच्या पिक्सेलला सगळे 'एक चौरस किलोमीटर' म्हणतात. मग एका चौरस किलोमीटरमधली माणसे काय आणि दर चौरस किलोमीटरची घनता काय, एकच की, असे वाटते. पण पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडे जावे तशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात आणि पिक्सेल अरुंद होतो. कन्याकुमारीला हा पिक्सेल ०.८५ चौरस किलोमीटरचा, मुंबईला ०.८१ चा, श्रीनगरला ०.७१ चा. कुठेही तो पुरता एक नाही. त्यामुळे घनतेची फाइल संख्येची समजून मिळवली तर भारताची बेरीज पावणेदोनशे कोटींच्या आसपास जाते. ९०,००० पटीची चूक कोणीतरी पकडतेच. अशी पाव पटीची चूक अहवालात छापली जाते आणि पुढच्या अहवालात तिचा दाखला दिला जातो. मला ही दुसरी चूक जास्त वाईट वाटते.

आता किनाऱ्याकडे. कोकणातला एक लहानसा तुकडा कल्पून घ्या. सोळा पिक्सेल आहेत, त्यांतल्या दोहोंवर समुद्र आहे, आणि चार-चार पिक्सेलांची एक अशा चार मोठ्या चौकटी करायच्या आहेत:

```
१२      ३०      |  ५   ७
०       १८      |  ०   ०
----------------+--------
समुद्र   समुद्र   |  ०   ०
४०      २०      |  ०   ८
```

बेरीज केली तर चार चौकटींत ६०, १२, ६० आणि ८ माणसे. एकूण १४०, मूळ जाळीत होती तितकीच.

सरासरी केली तर १५, ३, ३० आणि २. एकूण ५०. बरेच जण येथे म्हणतात, काही बिघडले नाही, शेवटी ४ ने गुणू. गुणून पाहा. २०० येतात. साठ माणसे जास्त झाली, आणि ती सगळी किनाऱ्यावरच्या डावीकडच्या खालच्या चौकटीतली. तिथे चारांपैकी दोन पिक्सेल समुद्राचे. संगणकाने सरासरी काढली ती उरलेल्या दोन पिक्सेलांची, म्हणून ३० आली. आणि आपण गुणले मात्र चाराने. वरच्या चौकटीत ६० आणि खालच्या चौकटीतही ६० माणसे असताना सरासरीने एकीला १५ दिले, दुसरीला ३०. आमच्या सोळा हजारांतली वरची माणसे अशीच आली होती. सरासरीवरून मागे यायचेच असेल तर प्रत्येक चौकटीत आकडे असलेले पिक्सेल किती होते ते मोजून त्या संख्येने गुणावे लागते. त्यापेक्षा सरळ बेरीज केलेली बरी.

पण बेरजेलाही येथे एक खोच आहे. समुद्राच्या पिक्सेलमध्ये शून्य नसते, 'माहिती नाही' अशी खूण असते. बेरीज करताना ही खूण सोडून दे असे संगणकाला सांगितले नाही, तर एक पिक्सेल कोरा म्हणून तो सगळी चौकटच कोरी ठेवतो. वरच्या तुकड्यात मग एकूण ८० माणसे उरतात, किनाऱ्यावरची साठ नाहीशी होतात. सोळा पिक्सेलांचे उदाहरण आहे म्हणून ही गोष्ट किरकोळ वाटेल. पाव अंशाच्या जाळीत मुंबईचे काय होते ते पाहा. हवामान विभागाची जी चौकट १९ अंश उत्तर, ७२.७५ अंश पूर्व या बिंदूभोवती आहे, तिच्यात कुलाब्यापासून अंधेरीपर्यंतची पश्चिम मुंबई येते आणि पश्चिमेला पुष्कळसा अरबी समुद्रही येतो. समुद्राचा एक पिक्सेल असला तरी चौकट कोरी. म्हणजे दादर, वरळी, वांद्रे सगळे गायब, आणि नकाशावर तिथे समुद्राचाच रंग, त्यामुळे संशयही येत नाही.

याच खुणेची दुसरी बाजूही आहे. वर्ल्डपॉपच्या फाइलमध्ये 'माहिती नाही' हे `-99999` या आकड्याने लिहिलेले असते. एखाद्या प्रणालीने ती खूण न समजता खरा आकडा म्हणून घेतला तर बेरीज उणे होते. उणे माणसे दिसली की चूक निदान लपत नाही.

हे सगळे सांभाळून आज्ञा लिहिली की ती एवढीशीच होते. ३ आर्क-सेकंदांवरून ३० वर न्यायचे, म्हणजे दहापट:

```r
library(terra)
p <- rast("ind_ppp_2020_UNadj.tif")
g <- aggregate(p, fact = 10, fun = "sum", na.rm = TRUE)
global(p, "sum", na.rm = TRUE)
global(g, "sum", na.rm = TRUE)
```

`fun = "sum"` म्हणजे बेरीज कर, `na.rm = TRUE` म्हणजे कोरे पिक्सेल सोडून दे. शेवटच्या दोन ओळी आमच्या काकांच्या. आधीची बेरीज आणि नंतरची बेरीज छापायची. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. दशांशातला बारीकसा फरक चालतो, लाखाचा चालत नाही. जीडॅल वापरणाऱ्यांसाठी `gdalwarp` मध्ये `-r sum` हा पर्याय ३.१ या आवृत्तीपासून आहे. त्याऐवजी `-r average` लिहिले गेले तर पुन्हा सरासरी. आणि `-r near` लिहिले तर नव्या चौकटीच्या मध्याजवळचा एकच पिक्सेल उचलला जातो आणि बाकीचे टाकून दिले जातात. शंभरांतला एक निवडून त्यालाच गाव म्हणायचे, असा तो प्रकार.

दहापटीने मोठी करताना जाळीच्या रेषा आपोआप जुळतात, कारण मोठी चौकट लहान पिक्सेलांचीच बनते. पावसाच्या जाळीशी जुळवताना तसे होत नाही. हवामान विभागाचे बिंदू ६६.५, ६६.७५ असे आहेत आणि ते चौकटीच्या मध्यावर असतात. म्हणजे कडा ६६.३७५, ६६.६२५ अशा पडतात. लोकसंख्येचे रास्टर सुरू होते ते भारताच्या पश्चिम टोकापासून. ३०० पिक्सेल एका चौकटीत असे सांगून जाळी मोठी केली, तर ती त्या टोकापासून मोजायला लागते आणि तिच्या चौकटी पावसाच्या चौकटींवर बसत नाहीत. एकूण बेरीज तेव्हाही बरोबर येते, म्हणून दोन बेरजांची तपासणी येथे फसते: माणसे तितकीच, पण शेजारच्या पावसाखाली गेलेली. अशा वेळी पावसाची जाळीच साचा म्हणून द्यावी, आणि दोन चौकटींच्या सीमेवर पडलेला पिक्सेल क्षेत्रफळाच्या प्रमाणात दोघींत वाटला जाईल अशी भारित बेरीज करावी. टेरामध्ये त्यासाठी `resample(p, rain, method = "sum")` आहे. तपासताना मग देशाच्या बेरजेवर थांबू नये. ओळखीच्या एका चौकटीतल्या लोकसंख्येची बारीक जाळीवरून वेगळी बेरीज करून ताडून पाहावी.

पिक्सेलमधले दशांश अंक पाहून ते आधी पूर्ण करून घ्यावेसे वाटतात. ०.६ माणूस म्हणजे काय? तो मोह आवरावा. गडचिरोलीची घनता ७४ आणि तिथला बारीक पिक्सेल जेमतेम ०.८ हेक्टरचा, म्हणजे सरासरी पिक्सेलमध्ये ०.६ माणूस. दशांश छाटून पूर्णांक ठेवले तर जिल्ह्यातल्या बहुतेक पिक्सेलांत शून्य उरेल, आणि मग कितीही काळजीने बेरीज केली तरी दहा लाखांतली बहुतेक माणसे परत येणार नाहीत. मुंबईच्या पिक्सेलमध्ये शेकड्याने माणसे असतात, तिथे पाव-अर्धा माणूस गेला तर कळतही नाही. नुकसान होते ते विरळ वस्तीचे. आदिवासी पाड्यांचे आकडे आधीच अंदाजाचे असतात; ते निदान आपल्या हातून शून्य होऊ नयेत. आधी बेरीज, पूर्णांक अगदी शेवटी.

सगळे नीट केल्यावरही एक मर्यादा राहते, आणि ती बेरजेने भरून निघत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला नोंदला गेला सुमारे ७३ मिलिमीटर. सांताक्रूझची वेधशाळा १९ अंश ७ मिनिटांवर आहे आणि चौकटीची वरची कड १९ अंश साडेसात मिनिटांवर. म्हणजे सांताक्रूझ आणि कुलाबा पाव अंशाच्या एकाच चौकटीत पडतात, सांताक्रूझ कडेपासून जेमतेम एक किलोमीटर आत. चौकटीला पावसाचा आकडा एकच. तिच्यातली माणसे आपण एकही न गमावता मोजली, तरी त्यांतली कोण बुडाली आणि कोण कोरडी राहिली हे ती चौकट सांगू शकत नाही. एका शहरातल्या पुराचा प्रश्न असेल तर लोकसंख्या मोठ्या जाळीत आणू नये; पावसाची बारीक माहिती, शहरातल्या पर्जन्यमापकांची, शोधावी. देशभराचा किंवा राज्याचा विचार असेल तर पाव अंश पुरतो.

घरांतल्या वृद्धांचे प्रमाण, पिण्याच्या पाण्याची सोय असलेल्यांची टक्केवारी असे दर जाळीत असतील, तर त्यांना बेरीज चालत नाही आणि साधी सरासरीही चालत नाही. त्यांना वजन लावायचे ते क्षेत्रफळाचे नव्हे, माणसांचे. आधी प्रत्येक पिक्सेलमध्ये वृद्ध किती ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, आणि एकूण माणसांच्या बेरजेने भागायचे. गडचिरोलीच्या जंगलातला रिकामा पिक्सेल आणि कुर्ल्यातला भरलेला पिक्सेल यांना टक्केवारीत सारखा मान देता येत नाही.

२०११ नंतरची जनगणना लांबणीवर पडल्यापासून भारतातल्या पुष्कळ योजनांची आखणी अशाच जाळ्यांवर झाली आहे: दवाखाना किती अंतरावर, उष्णतेच्या लाटेत किती माणसे, धरणाखाली किती गावे. या नकाशांचा रंग पाहून निर्णय होतात. म्हणून नकाशे करणाऱ्या आणि छापणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे, लोकसंख्येच्या प्रत्येक नकाशाखाली दोन आकडे छापा: मूळ जाळीतली एकूण माणसे आणि या नकाशातली एकूण माणसे. आणि वाचणाऱ्यांनी रंगाआधी ते दोन आकडे वाचावेत. छापलेले नसतील तर मागावेत.